शाईला पाय फुटतात तेव्हा

काळं पेन मागितलं की दुकानदार "कुठलं?" असं विचारतो आणि आपण उदारपणे सांगतो, "कुठलंही द्या हो, काळं ते काळं!" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण काळ्या बॉलपेनच्या शाईत काळा रंग असेलच, याची काहीही खात्री नसते. बऱ्याचदा आत जांभळा मिथाइल व्हायोलेट असतो, सोबत एखादा निळा असतो आणि या दोघांचा जांभळेपणा दाबायला पिवळा किंवा नारिंगी बसवलेला असतो. तिघं एकाच जागी दाटीवाटीने बसले की बघणाऱ्याला काळं दिसतं. प्रत्येक कंपनीची दाटीवाटी वेगळी असते आणि आमची, म्हणजे वादातले कागद तपासणाऱ्यांची, रोजीरोटी त्या फरकावरच चालते.

एक उदाहरण घेऊ. हातउसन्या पैशांची प्रॉमिसरी नोट. घेणाऱ्याने लिहिलं, ५,०००/-, अक्षरी पाच हजार फक्त. लिहिताना डावीकडे ऐसपैस जागा सोडली, कारण जागा सोडून लिहिलं की सुबक दिसतं असं शाळेत शिकवलेलं. वर्षभराने नोट परत समोर येते तेव्हा आकडा झालेला असतो १,०५,०००/- आणि अक्षरांत "एक लाख पाच हजार फक्त". सगळं काळं. घेणारा म्हणतो, "मी पाचच घेतले." देणारा म्हणतो, "सगळं एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलंय." दोघंही आपापलं पेन काढून टेबलावर ठेवतात. आता थिन लेअर क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे टीएलसीने, एका प्लेटवर प्रत्येक नमुन्याला शेजारी शेजारी एकेक लेन देऊन या काळ्याचे आतले रंग सुटे करून दाखवायचे.

पहिली अडचण ही की त्यासाठी कागदाला भोकं पाडावी लागतात. पुराव्याच्या कागदाला भोक पाडायची परवानगी मागताना समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. म्हणून आधी मायक्रोस्कोप, अतिनील आणि अवरक्त प्रकाशात दोन्ही शाया बघून घ्यायच्या. अवरक्त प्रकाशात एक शाई गायब झाली आणि दुसरी ठणठणीत काळी राहिली, तर त्या वेगळ्या आहेत हे तिथेच ठरलं, सुई उचलायची गरजच नाही. दोन्ही सारख्याच वागल्या तरच भोकांकडे वळायचं.

भोक म्हणजे तरी केवढं? इंजेक्शनच्या २० गेज सुईचं टोक घासून सपाट करायचं, ती शाईच्या रेघेवर दाबून फिरवायची आणि आत अडकलेली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची चकती बारीक तारेने ढकलून काढायची. एका नमुन्याला अशा दहा चकत्या पुरतात. त्या अक्षरभर विखरून घ्यायच्या आणि सगळ्या नमुन्यांच्या सारख्याच संख्येने घ्यायच्या. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे सुई न्यायची नाही, कारण तिथे मूळ शाई आणि घुसवलेली शाई एकत्र येऊ शकते आणि मग चकतीत तिसरीच "शाई" सापडते. त्याच कागदाच्या कोऱ्या भागाच्याही दहा चकत्या घ्यायच्या. नवशिक्यांना हा कोरा कागद फुकटचा उद्योग वाटतो. पण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळवणारी द्रव्यं घातलेली असतात, ती प्लेटवर येऊन अतिनील प्रकाशात निळी चमकतात. कोऱ्या कागदाची लेन शेजारी नसेल तर तो निळा डाग शाईच्या नावावर खपून जातो.

दोन्ही पेनांनी याच जातीच्या दुसऱ्या कागदावर गिरगटून घ्यायचं आणि तिथूनही चकत्या काढायच्या. रिफिलमधली ओली शाई थेट प्लेटवर टेकवण्याचा मोह आवरायचा. कागदावर सुकलेली शाई आणि नळीतली शाई यांची तुलना न्याय्य नाही.

चकत्या निमुळत्या तळाच्या छोट्या कुपीत टाकून वर १० मायक्रोलिटर पिरिडिन सोडायचं. बॉलपेनची शाई पिरिडिनमध्ये झकास विरघळते. पिरिडिनचा वास मात्र सडक्या मासळीच्या घराण्यातला आहे. काम धुराड्याखाली, म्हणजे फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालूनच करायचं. दहा-पंधरा मिनिटांत द्रव रंगीत होतो. जुन्या, कडक वाळलेल्या शाईला जास्त वेळ लागतो. कुणाला किती वेळ दिला हे लिहून ठेवायचं आणि सगळ्यांना तेवढाच द्यायचा.

आता सिलिकाचा पातळ थर दिलेली १० सेंटिमीटर रुंदीची प्लेट. तिच्या खालच्या कडेपासून १ सेंटिमीटरवर पेन्सिलीने अलगद रेघ मारायची. पेन्सिलीनेच, कारण ग्राफाइट जागचं हलत नाही. पेनाने रेघ मारणारा विद्यार्थी दरवर्षी एक तरी निघतो आणि संशयितांसोबत त्याची रेघही रंग उधळत वर चढते. रेघेवर एकेक सेंटिमीटर सोडून सहा जागा: कोरा कागद, "पाच हजार", "एक लाख", सही, घेणाऱ्याचं पेन, देणाऱ्याचं पेन. कॅपिलरीने थेंब टेकवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा त्याच जागी टेकवायचा. ठिपका दोन मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. एकदाच भसकन ओतलं की ठिपक्याची पुरी होते आणि वर गेल्यावर रंगांच्या चंद्रकोरी एकमेकींत मिसळतात. पिरिडिन पूर्ण उडाल्याशिवाय प्लेट पुढे न्यायची नाही, नाहीतर सगळे रंग शेपट्या ओढत जातात.

रंगांना प्लेटवर चढवणारं द्रावण मापाने: एथिल ॲसिटेट ७०, इथेनॉल ३५, पाणी ३०. लहान टाकीला १४, ७ आणि ६ मिलिलिटर पुरतं. आधी ॲसिटेट आणि पाणी एकत्र केलं तर दोघं वेगवेगळे थर करून बसतात, इथेनॉल पडल्यावर एक होतात. टाकीत द्रावण जेमतेम अर्धा सेंटिमीटर उंच हवं. ते पेन्सिलीच्या रेघेवर गेलं तर शाई वर चढायच्या ऐवजी खालच्या तळ्यात उतरते आणि सगळी मेहनत गुलाबी-जांभळ्या सरबतात जमा होते. टाकीच्या भिंतीला गाळणकागद लावून, झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, म्हणजे आतली हवा वाफेने भरते. ही वीस मिनिटं कुणालाच सोसत नाहीत. घाई केली की कडेच्या लेनमधले ठिपके मधल्यांपेक्षा वर पळतात. मग एकच शाई मधे एका उंचीवर आणि कडेला दुसऱ्या उंचीवर दिसते आणि आपण आनंदाने "शाया वेगळ्या" असं लिहायला बसतो.

प्लेट उभी केली की द्रावण वर चढू लागतं आणि रंगांचे स्वभाव उघडे पडतात. सिलिकाला चिकटणारा रंग म्हणजे "निघतो, निघतो" म्हणत दारात अर्धा तास गप्पा मारणारा पाहुणा, आणि द्रावणात रमणारा रंग म्हणजे चप्पल घालून थेट रिक्षात बसणारा. एकाच घरातून निघालेले असूनही ठरावीक वेळाने दोघं किती लांब पोचले हे मोजता येतं. द्रावण रेघेपासून ४० मिलिमीटर चढलं की प्लेट बाहेर काढायची, द्रावण कुठवर पोचलं तिथे लगेच पेन्सिलीची खूण करायची (नंतर ती ओली कड वाळून दिसेनाशी होते) आणि वाळवून रंगीत फोटो घ्यायचा. जांभळा ठिपका २४ मिलिमीटरवर असेल तर २४ भागिले ४०, म्हणजे ०.६०. हा झाला त्याचा आरएफ. तो जन्मपत्रिकेसारखा कायमचा नसतो. पावसाळ्यात सिलिका दमट होते आणि रंग एरवीपेक्षा वर जातात. म्हणून प्लेट आधी १०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं तापवून घ्यायची, आणि तरीही कालच्या प्लेटवरचा आकडा आजच्या प्लेटशी ताडून बघायचा नाही. तुलना एकाच प्लेटवर शेजारी शेजारी.

आपल्या नोटेच्या प्लेटवर समजा असं दिसलं: "पाच हजार", सही आणि घेणाऱ्याचं पेन, तिन्ही लेनमध्ये जवळजवळ बसलेले दोन जांभळे ठिपके, एक निळा, एक पिवळा. "एक लाख" आणि देणाऱ्याचं पेन यांत तेच जांभळे त्याच उंचीवर, पण पिवळा गायब, आणि त्याच्या जागी खाली एक ठिपका, जो ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात नारिंगी पेटतो. जांभळे जुळले याचं कौतुक नको. मिथाइल व्हायोलेट हे मुळातच दोन-तीन सख्ख्या रंगांचं मिश्रण असतं आणि ते निम्म्या बाजारात सापडतं. निकाल देतो तो पिवळा आणि तो नारिंगी. "एक लाख" हे "पाच हजार"च्या शाईने लिहिलेलं नाही, हे ठामपणे सांगता येतं. एकाच बैठकीत, एकाच पेनाने लिहिल्याची गोष्ट इथे संपते.

जुळणाऱ्या जोड्यांचं मात्र एवढ्यावर भागत नाही. त्यांना दुसऱ्या द्रावणात पळवायचं: एन-ब्यूटॅनॉल ५०, इथेनॉल १०, पाणी १५. ब्यूटॅनॉल दाट, त्यामुळे हे द्रावण कंटाळवाण्या गतीने चढतं. चहा आणि वर्तमानपत्र दोन्ही होतं. पहिल्या द्रावणात एकावर एक बसलेले दोन रंग इथे फाटू शकतात. इथेही जोडी तुटली नाही तरी अहवालात "एकच पेन" असं लिहायचं नाही, "या पद्धतीने फरक आढळला नाही" असं लिहायचं. तीच शाई लाखो रिफिलांत भरलेली असते, आणि एकाच कारखान्याची शाई दोन वेगळ्या नावांच्या पेनांतही जाऊ शकते.

उलटी चूकही होते. खिडकीत उन्हात पडलेल्या कागदावर मिथाइल व्हायोलेट तुटत जातो, ठिपके फिके पडतात आणि नवे उगवतात. अशी नोट फायलीत ठेवलेल्या नमुन्याशी जुळली नाही म्हणून लगेच आरोळी ठोकायची नाही. आणि सगळ्यात फसवं प्रकरण काळ्या जेल पेनाचं. त्यातला रंग बहुधा कार्बन ब्लॅक असतो, तो पिरिडिनला दाद देत नाही की द्रावणाला. दोन जेल पेनांच्या लेन शेजारी शेजारी रिकाम्या दिसतात आणि कुणीतरी उत्साहाने म्हणतं, "सर, तंतोतंत जुळल्या!" दोन विद्यार्थी गैरहजर होते म्हणून दोघांचे मार्क सारखे, तसला हा प्रकार. तिथे टीएलसीने हात वर केले असं लिहून दुसऱ्या उपकरणाकडे जायचं.

अहवाल गेला की पक्षकाराचा फोन ठरलेला. "म्हणजे खोटं सिद्ध झालं ना?" शाई वेगळी निघाली एवढंच सिद्ध झालं. सही करून अर्धवट सोडलेला दस्त धारकाला पुरा करता येतो, असं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम २० सांगतं. "एक लाख" संमतीने लिहिलं की चोरून, हे प्लेटवर उमटत नाही, ते कोर्टाने बघायचं. मग दुसरा प्रश्न येतो, "पण 'एक लाख' देणाऱ्याच्याच पेनाने लिहिलं ना?" त्याच्या पेनातल्या शाईत फरक आढळला नाही, इतकंच. बँकेच्या काउंटरवर दोरीने बांधलेल्या पेनातही तीच रिफिल निघाली, तर संशयितांच्या यादीत त्या शाखेचे सगळे खातेदार धरावे लागतील.