डोहाळजेवणात भीती पपईची नाही, मसालेभाताची आहे

"डोहाळजेवणाला पपई, अननस आणि वांगं तेवढं टाळा. बाकी सगळं पहाटेच करून झाकून ठेवा. मोड आलेल्या मुगाची कच्ची कोशिंबीर पौष्टिक. म्हाताऱ्यांना वेगळा वरणभात लावा आणि होणाऱ्या आईला दोघांपुरतं खाऊ घाला." डोहाळजेवण ठरलं की असा सल्ला मिळतो.

पपईचं म्हणाल तर कच्ची, चीक असलेली टाळावी हे खरं. पिकलेल्या पपईच्या दोन फोडी, अननसाच्या चकत्या किंवा भरली वांगी यांनी काही बिघडत नाही.

बिघडतं ते झाकून ठेवलेल्या पातेल्यात. शिजलेल्या भातातही काही जिवाणूंचे बीजाणू तग धरतात. भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि पुन्हा गरम केलं तरी ते विष जात नाही. वासावरूनही कळत नाही. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये; पारा ३२ अंशांपुढे असेल तर एकच तास. ऑक्टोबरातल्या मुंबईत हा एक तासच धरा. समजा, गोरेगावच्या टू बीएचकेत वीस माणसं आहेत, ओटी अकराला, पानं साडेबाराला. मग मसालेभाताचं वाटण, चिरलेल्या भाज्या आणि परतलेला मसाला आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा आणि भात साडेअकराला चढवा. कोथिंबीर वडीचे उंडे आदल्या दिवशी वाफवून फ्रीजमध्ये ठेवले की पानं मांडताना नुसते तळायचे.

मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जिवाणूंनाही मानवते. ते धुऊन निघत नाहीत. मूग नीट शिजवून उसळ करा. कोशिंबीर काकडीची, आणि दही वाढताना घाला.

वेगळ्या वरणभाताने आजी-आजोबांना आजारी असल्यासारखं वाटतं, शिवाय गरजही नसते. त्याच मसालेभातातला थोडा काढून गरम पाणी घालून मऊ करा, वरून तूप. कवळी असेल तर वडी न तळता वाफवलेलीच द्या, पापड-लोणचं कमी वाढा. खरी चूक वेळेत होते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन बसलेल्या काकांचं पान फोटो आणि उखाण्यांत अडीचवर गेलं, तर साखर उतरते: घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं. ज्येष्ठांची पंगत आधी बसवा.

राहिलं दोघांपुरतं खाणं. सातव्या महिन्यात रोजच्यापेक्षा साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे दोनेक पोळ्या आणि वाटीभर उसळ. पोट वर दाबलेलं असतं, जास्त खाल्लं की जळजळ होते. पान अर्धंच वाढा, तासाभराने पुन्हा विचारा. गरोदरपणातली साखर निघाली असेल, तर पेढा की बर्फी ओळखायच्या खेळात तिने वाटी उघडावी, पण पेढा दुसऱ्याने खावा. (सासूबाईंना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.)

आणि विरारला लोकलने परतणाऱ्या मावशींच्या डब्यात मसालेभात नको, बेसनाचे लाडू द्या.