मॅच्ड बेटिंग: नुकसान कुठे होतं?

“ब्रिटनमध्ये बुकमेकरनं दिलेली फुकटची पैज, म्हणजे फ्री बेट, घेऊन दोन्ही बाजूंनी पैज लावली की पैसे बुडूच शकत नाहीत, खरं ना?”

गणित बरोबर आहे. घोळ होतो तो लावताना. समजा, २० पौंडांची फ्री बेट एका संघावर ५.० भावानं लावली. संघ जिंकला तर ८० पौंड मिळतात, मूळ २० मिळत नाहीत. लोक एकमेकांविरुद्ध पैजा लावतात त्या एक्स्चेंजवर त्याच संघाविरुद्ध ५.२ भावानं, २ टक्के कमिशन धरून, १५.४४ पौंडांची ले बेट लावायची. कोणीही जिंको, सुमारे १५ पौंड सुटतात. मात्र एक्स्चेंजवर ६४.८५ पौंड अडकतात.

खरा धोका त्याआधीच्या पैजेत असतो. फ्री बेट मिळवायला स्वतःचे पैसे लावावे लागतात. तेव्हा समोर पुरेसे पैसे लावणारं कोणी नसल्यानं ले बेट अर्धीच जुळली, तर उरलेला भाग निव्वळ जुगार. शिवाय बुकमेकर संशय आल्यावर खात्यावर मर्यादा घालतो.