‘पगार वाढला तर माणूस अस्थिर कसा?’ एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया:

“मॅडम, तुमचा लेख वाचून प्रोबेशनमध्येच गृहकर्जाचा अर्ज केला. आठ वर्षांत ही तिसरी नोकरी, मध्ये खंड नाही. सिबिल ७८२. हातात ९०,००० यायचे, १८ जूनपासून नवीन कंपनीत १,२०,००० येतात. गाडीचा ९,००० हप्ता सोडला तर डोक्यावर काही नाही. ७० लाखांच्या जुन्या फ्लॅटसाठी २० वर्षांच्या मुदतीने ५५ लाख मागितले. ऑगस्टमध्ये तीन बँकांनी फाइल परत केली, तोंडी कारण ‘नोकरीत स्थैर्य नाही’. पत्नी शाळेत कायम आहे, तिला हातात ४०,००० मिळतात, पण तिचा पगार धरायची गरज वाटली नाही. मालकाला टोकन दिलंय, ऑक्टोबरअखेर मुदत आहे. एजंट म्हणतो, जुन्या कंपनीच्याच स्लिपा लावू. पगार वाढला तर माणूस अस्थिर कसा? तुम्ही लोकांना आशा लावता आणि मोकळ्या होता.”

उत्तर:

तुमचा राग रास्त आहे. प्रोबेशनमध्येही कर्ज मिळतं असं मी लिहिलं, पण ते कोणत्या हिशोबावर मिळतं ते लिहिलं नाही. अर्धी माहिती दिली आणि तिच्यावर विसंबून तुम्ही टोकन दिलंत, याचं मला खरंच वाईट वाटतं. राहिलेली अर्धी आता लिहिते.

गृहकर्जाच्या फाइली तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. दोन फाइली मला अजून आठवतात. पहिली चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणाऱ्या बाईंची. नऊ वर्षांचा अनुभव, दुसरी नोकरी, लागून चार महिने झालेले, प्रोबेशन सहा महिन्यांचं. दुसरी फाइल एका तरुणाची. तो नोकरीत कायम झालेला, कन्फर्मेशन लेटर हातात, अकरा महिने पूर्ण. बाईंचं कर्ज मंजूर झालं आणि त्या तरुणाचं नाही. त्याच्या पीएफच्या पासबुकात तीन वर्षांत चार कंपन्या होत्या आणि दोन ठिकाणी तीन-तीन महिने काहीच जमा नव्हतं. चौथ्या ठिकाणी तो कायम झाला होता, पण आधीच्या तीन ठिकाणी का टिकला नाही, याचं उत्तर फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

प्रोबेशनची अडचण कागदावर अगदी साधी आहे. तुमचं नेमणूकपत्र काढा आणि प्रोबेशनचं कलम वाचा. कायम झाल्यावर नोटीस बहुधा दोन किंवा तीन महिन्यांची असते, प्रोबेशनमध्ये ती पंधरा दिवस किंवा एक महिना असते. म्हणजे कंपनीला तुम्ही नकोसे झालात, तर पुढच्या हप्त्याच्या तारखेआधीच पगार थांबू शकतो. म्हणून क्रेडिट मॅनेजर स्वतःला एकच प्रश्न विचारतो: उद्या ही नोकरी गेली, तर याला दुसरी किती दिवसांत लागेल? याचं उत्तर नवीन पगारात नसतं, मागच्या आठ वर्षांत असतं. ती बाजू तुमची भक्कम आहे. आठ वर्षांत तीन नोकऱ्या आणि मध्ये खंड नाही. म्हणून तोंडी सांगितलेल्या ‘स्थैर्य नाही’ या कारणावर माझा पूर्ण विश्वास बसत नाही. काउंटरवर तेच सांगितलं जातं कारण ते चटकन सांगता येतं.

माझ्या मते तुमची फाइल आकड्यावर अडली आहे. साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर एका लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. ५५ लाखांचा हप्ता झाला ४७,७४०. बँक सगळ्या हप्त्यांसाठी हातात येणाऱ्या पगाराचा निम्मा भाग सोडते असं धरू. काही बँका थोडा जास्त धरतात, काही कमी, पण हिशोब समजायला निम्मा ठीक आहे. १,२०,००० वर ६०,००० होतात, त्यातून गाडीचे ९,००० गेले तर ५१,००० उरतात, आणि तुमचं कर्ज बसतं. तुम्ही हाच हिशोब केलात. बँकेने ९०,००० वर केला असणार. त्याचे निम्मे ४५,०००, गाडीचे वजा करून ३६,०००, म्हणजे साडेएक्केचाळीस लाखांच्या आसपास कर्ज. तुमची मागणी त्याहून साडेतेरा लाखांनी जास्त होती, आणि हा वरचा सगळा भाग ज्या पगारवाढीवर उभा होता तिला पुरावा जेमतेम दीड महिन्याचा.

दीड महिना म्हणते ते मोजूनच. तुम्ही १८ जूनला रुजू झालात, म्हणजे जूनची स्लिप तेरा दिवसांची. ऑगस्टमध्ये अर्ज केला तेव्हा पूर्ण महिन्याची स्लिप एकच होती, जुलैची. पीएफचं तसंच. कंपनीने महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, म्हणजे जुलैची नोंद पासबुकात दिसायलाच ऑगस्टचा मध्य उजाडतो. बहुतेक बँका शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागतात, आणि तुमच्या तीन पूर्ण स्लिपा जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मिळून ऑक्टोबरच्या सुरुवातीला होतात. नोकरी बदलणाऱ्याने महिने मोजू नयेत, पूर्ण पगाराच्या स्लिपा मोजाव्यात, हे मी त्या लेखात ठळक लिहायला हवं होतं.

चाकणच्या बाईंचं कर्ज का झालं, तेही याच हिशोबात आहे. त्यांचा हातातला पगार ७२,००० वरून ९५,००० झाला होता. त्यांनी मागितले ३८ लाख, हप्ता साधारण ३३,०००. जुन्या ७२,००० चे निम्मे ३६,००० होतात. म्हणजे पगारवाढ पूर्ण विसरली तरी कर्ज बसत होतं. बाकी राहिली ती प्रोबेशनची अट, आणि तिच्यासाठी ‘डेव्हिएशन’ घेतलं गेलं. म्हणजे फाइल नियमात तंतोतंत बसत नाही, पण कारणं देऊन वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची. हा अधिकार काउंटरवरच्या माणसाकडे नसतो, आणि दहापैकी नऊ वेळा तो स्वतःहून विचारतही नाही. आपण विचारावं लागतं: “क्रेडिटकडून डेव्हिएशन मिळेल का? त्यासाठी कोणते कागद देऊ?” त्या बाईंनी दोन वर्षांचे फॉर्म १६, जुन्या कंपनीची पगारवाढीची पत्रं, रिलीव्हिंग लेटर आणि नवीन नेमणूकपत्र असं सगळं तारखेच्या क्रमाने लावून दिलं होतं. मंजुरीची टिपणी लिहिणाऱ्याला त्यातून चार वाक्यं सहज मिळाली.

तुमच्याकडे त्यांच्यापेक्षा मोठी गोष्ट आहे आणि ती तुम्ही बाजूला ठेवलीत. पत्नीची कायम नोकरी. त्यांना सहअर्जदार केलं, तर जुन्या ९०,००० मध्ये त्यांचे ४०,००० मिळून १,३०,००० होतात. निम्मे ६५,०००, गाडीचे वजा करून ५६,०००. तुमचा हप्ता ४७,७४०. पगारवाढीला हातही न लावता ५५ लाख बसतात, आणि तुमचं प्रोबेशन लांबलं तरी घरात एक पगार असा राहतो जो अचानक थांबणार नाही. हिशोबापेक्षा क्रेडिट मॅनेजरला हे जास्त पटतं. त्यांच्या नावावर कुठलं कर्ज किंवा पतसंस्थेचा हप्ता असेल तर मात्र तो यातून वजा करावा लागेल. शाळेतल्या पगारातून पतसंस्थेची कपात होणं अगदी नेहमीचं आहे, त्यामुळे आधी त्यांची पगाराची स्लिप नीट वाचा.

आता एजंटचं. त्याचं ऐकू नका. जुनी स्लिप लावली तरी बँक स्टेटमेंटमध्ये जुलैचा पगार नवीन कंपनीच्या नावाने जमा झालेला दिसतो. पीएफच्या पासबुकात कंपनी बदललेली दिसते. शिवाय कंपनीत फोन किंवा ईमेल करून पडताळणी होते, आणि जुन्या कंपनीचं एचआर एका वाक्यात सांगेल की हे जूनमध्येच सोडून गेले. आज तुमची फाइल ‘थोडं थांबून या’ या सदरात आहे, त्या दिवशी ती ‘खोटी माहिती दिली’ या सदरात जाईल. हा गुन्हाही आहे, आणि सही एजंटची नसते, तुमची असते.

पीएफवरून आठवलं, एक गोष्ट आजच तपासा. पीएफच्या संकेतस्थळावर तुमच्या यूएएनने लॉगिन करा आणि View मध्ये Service History बघा. जुन्या कंपनीसमोर सोडल्याची तारीख रिकामी असेल, तर कागदावर तुम्ही एकाच वेळी दोन कंपन्यांत कामाला आहात असं दिसतं. अशा फाइली मी स्वतः शंका काढून परत पाठवल्या आहेत. जुन्या एचआरला ती तारीख भरायला सांगा. ते दाद देत नसतील, तर सोडून दोन महिने झाल्यावर त्याच संकेतस्थळावर Manage मधल्या Mark Exit वरून, आधारच्या ओटीपीने, तुम्हाला स्वतःला भरता येते.

आणि तीन अर्ज झाले तेवढे पुरे. सिबिलच्या अहवालात कर्ज नाकारल्याची नोंद नसते, पण प्रत्येक बँकेने केलेली चौकशी तारखेसह आणि रकमेसह दिसते. एका महिन्यात ५५ लाखांच्या तीन चौकश्या आणि नवीन कर्ज एकही नाही, यावरून काय झालं ते चौथ्या बँकेला कुणी सांगावं लागत नाही. म्हणून यापुढे एकाच ठिकाणी जा. पत्नीचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे, दोघांच्या नावाने. आधीच्या तीन अर्जांबद्दल विचारलं तर सरळ सांगा की एकट्याच्या पगारावर केले होते.

मुदतीचं म्हणाल, तर पुनर्विक्रीच्या फ्लॅटला कागदांची कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकन यात दोन-तीन आठवडे सहज जातात. म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फाइल जायला हवी. त्याच वेळी मालकाशी बोलून मुदत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वाढवून घ्या, आणि कर्ज न मिळाल्यास टोकन परत किती मिळेल तेही त्याच कागदावर लिहून घ्या. आज कुणीच दुखावलेलं नाही, त्यामुळे हे बोलणं आज सोपं आहे.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, खरं कारण काय. त्या तिन्ही बँकांना ईमेल करून नकाराचं कारण लेखी मागा. कर्ज कितीही रकमेचं असो, अर्ज नाकारल्याची मुख्य कारणं बँकेने लेखी कळवावीत, असं रिझर्व्ह बँकेने २००७ साली सांगितलेलं आहे. उत्तर आलं की इथे कळवा. त्यात सध्याच्या नोकरीचा कालावधी किंवा पात्रतेची रक्कम असं काही असेल, तर वर लिहिलेला मार्ग चालेल. फ्लॅटच्या कागदांबद्दल काही निघालं, तर पत्नीचा पगार धरूनही उपयोग नाही, आणि मग टोकनच्या कागदाचं आधी बघू.