पॅक केल्यावरचं वजन लिस्टिंगमध्ये लिहूच नका!

दिवाळी तोंडावर आलीये, घरबसल्या काहीतरी विकायचं म्हणून तुम्ही आकाशकंदील लिस्ट करायला बसला असाल तर आधी माझं ऐका, कारण मी या धंद्यात गेल्या दिवाळीत पैसे घालवून शिकलेली बाई आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कंदिलाचं वजन लिहायचं. नुसत्या कंदिलाचं. बांबूच्या कामट्या, कागद, खाली झिरमिळ्या, सगळं मिळून ४०० ग्रॅम. किचनच्या काट्यावर ठेवा, आकडा बघा, टाका. त्याला बॉक्स लागतो, बबल रॅप लागतो, चार कोपऱ्यांत कागदाचे बोळे कोंबावे लागतात, हे गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं? माझा पाच प्लायचा रिकामा बॉक्सच साडेसहाशे ग्रॅमचा निघाला, म्हणजे आतल्या मालापेक्षा डबा जड. पण असल्या लाजिरवाण्या गोष्टी घरातच ठेवलेल्या बऱ्या.

मापाचंही तेच. कंदील १२ इंचाचा आहे ना, मग "१२ इंच" लिहिलं की काम झालं. फोटो सुंदर टाका, संध्याकाळचा, आत पिवळा बल्ब लावून. लोक फोटो बघून घेतात, खोक्याचं माप बघून कोण घेतं हो?

आता शिपिंगचा फॉर्म. तिथे लांबी, रुंदी, उंची असे तीन रकाने असतात. माझा बॉक्स सगळ्या बाजूंनी १४ इंच होता, मी झटकन १४, १४, १४ टाकून मोकळी झाले. रकान्याच्या बाजूला बारीक अक्षरात सेंमी लिहिलेलं होतं, पण एवढं बारीक वाचत बसलं तर फराळ कधी करायचा. फायदा बघा किती झाला: १४ सेंमीच्या खोक्याचं शिपिंग सिस्टीमने १०५ रुपये दाखवलं, ६५० च्या कंदिलावर फक्त १०५, बेंगळुरूच्या एका दादांनी ताबडतोब ऑर्डर दिली. मीच मला शाबासकी दिली.

कुरिअरवाले काय करतात ते तुम्हाला सांगून ठेवते, पण मनावर घेऊ नका. ते वजन दोनदा काढतात. एकदा काट्यावर, आणि एकदा टेपने. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंमीत, आणि येईल त्या आकड्याला ५००० ने भागायचं. याला ते व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. काट्यावरचं आणि हे, दोन्हींत जे जास्त भरेल त्याचे पैसे. ५००० घन सेंमी म्हणजे पाच लिटर हो, आपल्या गोडेतेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये मावते तेवढी जागा. तेवढी जागा अडवली की एक किलो लागला, आत हवा भरून पाठवा नाहीतर सोनपापडी. कारण त्यांची गाडी किंवा विमान हलक्या मालाने वजनाच्या आधी जागेनेच भरतं, आणि माझा कंदील म्हणजे बांबूच्या चौकटीत अडकवलेली हवाच की. काही जण रोडने जाणाऱ्या मालाला ५००० च्या ऐवजी ४५०० किंवा ४००० ने भागतात, म्हणजे आकडा अजून वाढतो. तुमच्या कुरिअरचा आकडा कोणता हे अजिबात विचारू नका, सरप्राइजची मजा जाते.

तर माझा बॉक्स गेला कुरिअरच्या हबला. तिथे त्यांनी १४ इंचाला १४ इंचच मोजलं, नालायक लोक. १४ इंच म्हणजे ३५.५६ सेंमी, त्यांनी वरचा पूर्ण आकडा धरला, ३६. आता ३६ गुणिले ३६ गुणिले ३६ म्हणजे ४६,६५६, भागिले ५०००, आले ९.३३ किलो. अर्ध्या-अर्ध्या किलोचे टप्पे असतात, म्हणून ते झाले साडेनऊ. काट्यावर तोच बॉक्स सव्वा किलोच्या आत. माझ्या प्लॅनमध्ये पहिल्या अर्ध्या किलोला ६० रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्याला ४५, म्हणजे ६० अधिक अठरा वेळा ४५, एकूण ८७० रुपये. जीएसटी मी धरलेलाच नाही, तेवढं काळीज नाही माझं. १०५ आधीच गेले होते, उरलेले ७६५ माझ्या शिपिंगच्या वॉलेटमधून परस्पर कापले गेले, मी चकलीचा घाणा काढत होते तेव्हा मेसेज आला.

हो, आणि बॉक्समध्ये बोळे भरपूर कोंबा, वरचं झाकण टम्म फुगलं पाहिजे. ते फुगवट्यावरच मोजतात. तिन्ही मापांत एकेक सेंमी फुगला आणि ३६ चे ३७ झाले की ५०,६५३ भागिले ५०००, म्हणजे १०.१३, म्हणजे साडेदहा किलो. एका सेंमीत तुम्ही कंदिलाला अख्ख्या किलोने धष्टपुष्ट केलंत.

वजनावरून वाद घालायची सोय असते, ती जरूर वापरा, पण फोटो माझ्यासारखे पाठवा. मी खिडकीत टांगलेल्या कंदिलाचा फोटो पाठवला, बाजूला पोराची कंपासपेटीतली पट्टी धरून. त्यांना म्हणे सील केलेल्या बॉक्सचा फोटो हवा होता, लेबल दिसेल असा, प्रत्येक बाजूला टेप लावून आकडा वाचता येईल असा, आणि काट्यावर ठेवलेला एक. तो तर बॉक्स जाण्याआधीच काढायला हवा ना, गेल्यावर कुठून आणू? आणि काढला असता तरी त्यात ३६ च दिसलं असतं, ही वेगळीच पंचाईत.

मग मी केलं ते तुम्हीही करा: गिऱ्हाइकालाच मेसेज टाका. "दादा, कुरिअरने जास्त घेतले, ७६५ रुपये जीपे करता का?" दादांचं उत्तर आलं, "ताई, लिस्टिंगमध्ये ४०० ग्रॅम लिहिलंय ना? ४०० ग्रॅमला आठशे रुपये? फसवायचे धंदे आहेत का?" आता यात माझं काय चुकलं सांगा. मी त्यांना पाच लिटरच्या कॅनचं सगळं समजावलं, ५००० ने भागून दाखवलं, पण ऑर्डर दिल्यावर समजावलेलं गणित माणसाला गणित वाटतच नाही हो, थाप वाटते.

आमच्या बी विंगमधल्या काकू मात्र धंदा पार बिघडवून ठेवतायत. त्याही कंदीलच विकतात. त्यांचं लिस्टिंग बघा म्हणजे तुम्हाला कळेल कसं लिहू नये:

"कंदील १२ इंच, ४०० ग्रॅम. पॅक केल्यावर बॉक्सचं बाहेरून माप ३६ × ३६ × ३६ सेंमी, काट्यावर १.२ किलो, कुरिअर आकारावरून साडेनऊ किलो धरतं, शिपिंग त्यावर आहे. हाच कंदील घडीचा घेतलात तर बॉक्स ३५ × ३५ × ५ सेंमी, दीड किलोचं शिपिंग."

काय हे! कोणी असं खरं लिहितं का बाजारात? वाचून निम्मी माणसं पळून जातील. आणि पळतातही, मी बघितलंय, पण पळून ती घडीच्या कंदिलावर जातात. ३५ गुणिले ३५ गुणिले ५ म्हणजे ६,१२५, भागिले ५०००, सव्वा किलोही पुरता नाही, टप्पा दीड किलोचा, १५० रुपये. वर काकूंनी ठेवलंय, दोन घडीचे एकत्र घेतले तर बॉक्स फक्त ८ सेंमी जाड होतो आणि दोन किलोत बसतो, म्हणजे १९५. लोक दोन-दोन घेतात. मी विचारलं, "काकू, दोन गोल कंदील एका बॉक्समध्ये घातले तर?" तर म्हणाल्या, "अगं गोल एकात एक जातात का, जागा दुप्पट, पैसे दुप्पट, तेही लिहिलंय मी खाली." लिहिलंय खाली! एवढं लिहायला वेळ कुठून मिळतो या बायकांना?

त्यांची पद्धतही बघण्यासारखी आहे. लिस्टिंग टाकायच्या आधीच एक कंदील अगदी गिऱ्हाइकाला जाणार तसा पॅक करतात, टेप मारून, लेबल चिकटवून, आणि मग शिंप्याच्या टेपने बाहेरून मोजतात, जिथे सगळ्यात फुगलाय तिथे. मी म्हटलं, बॉक्सवाल्याने माप दिलंय की, तेच टाका. तर म्हणे बॉक्सवाला आतलं माप सांगतो, पुठ्ठ्याची जाडी त्यात नसते. वजन मी बाथरूमच्या काट्यावर करते, आधी स्वतः उभी राहून आणि मग बॉक्स घेऊन, वजाबाकी. काकू म्हणतात त्यात शे-दोनशे ग्रॅम इकडचे तिकडे होतात आणि शे-दोनशेतच टप्पा उलटतो, म्हणून त्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन करतात. माझ्या वजनाचा आकडा मध्ये आल्याने गणित बिघडतं असं त्यांना सुचवायचं होतं का, ते मी विचारलं नाही.

पितळेच्या समयाही विकतात त्या. तिथे सगळं उलटं. बॉक्स ३० × १५ × १५, आकाराने १.३५ किलो, आणि काट्यावर ३.२. म्हणून तिथे लिहितात, "वजनावर शिपिंग, साडेतीन किलो." एकाच दुकानात एका वस्तूला आकार आणि दुसरीला वजन, गिऱ्हाईक गोंधळणार नाही का? पण त्यांना कोणी "फसवायचे धंदे" म्हणत नाही, हे मला खरंच कळत नाही.

बेंगळुरूच्या दादांनी पार्सल घेतलंच नाही. कुरिअरचा माणूस दारात गेला तर नको म्हणाले. तो बॉक्स तसाच परत निघाला, आणि परतीच्या प्रवासातही तो साडेनऊ किलोचाच होता, रस्त्यात एक ग्रॅम उतरला नाही. ८७० जातानाचे, ८७० येतानाचे. दादांना त्यांचे ७५५ परत केले ते वेगळे.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी आला घरी. बॉक्स उघडला, कागदाचे बोळे काढले, कंदील जसाच्या तसा, पॅकिंग माझं पहिल्यापासून चांगलंच असतं. गॅलरीत लावलाय. शेजारीण म्हणाली, छान आहे गं, केवढ्याला? म्हटलं, १७४० ला. ती म्हणाली, एवढ्याशा कंदिलाला?