भाडं की हप्ता

"वाकडला ९० लाखाचा टू बीएचके बघितलाय, तसाच भाड्यानं २५ हजारात मिळतो. घेऊ का?"

अहो हप्ता आणि भाडं समोरासमोर ठेवू नका, हप्त्यात मुद्दलही असतं. २० टक्के डाउनपेमेंट, ७ टक्के स्टॅम्प ड्युटी अन् रजिस्ट्रेशन मिळून साडेचोवीस लाख खिशातून जाणार, तेच एफडीत ७ टक्क्यांनी वर्षाला १.७ लाख देतात. वर ७२ लाखाच्या लोनचं साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षी नुसतं व्याज ६.१ लाख, मेंटेनन्स अर्धा लाख, झाले ८.३, त्यातनं वाचलेलं भाडं ३ लाख वजा करा. म्हणजे फ्लॅट पहिल्या वर्षी ५.३ लाखानं, साधारण ६ टक्क्यांनी वाढला तर कुठे बरोबरी (टॅक्स अन् परत न मिळणारे स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशनचे पैसे धरले नाहीत). फक्त भाड्यानं राहून उरलेले पैसे खरंच बाजूला पडले पाहिजेत हं, आमचे गाडीत गेले.