फोम लावून शेजारचा टीव्ही थांबत नाही

"शेजाऱ्यांच्या हॉलमधला टीव्ही तुमच्या बेडरूममध्ये ऐकू येतो? भिंतीवर एक इंची फोमची पॅनेल्स चिकटवा, आवाज 80 टक्के बंद. अजून हवं असेल तर लाकडी पट्ट्या ठोकून वर जिप्सम बोर्ड मारा. रविवारचं काम!"

असा सल्ला मिळाला असेल तर त्यातल्या फोमपासून सुरू करू. दोन फ्लॅटमधली 6 इंची एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची, भिंत प्लास्टरसकट दर चौरस मीटरला साधारण 140 किलो भरते. फोम जेमतेम अर्धा-पाऊण किलो. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर आवाज 5-6 डेसिबलने उतरतो, मग अर्ध्या किलोने काय होणार? फोम खोलीतला घुमारा कमी करतो, एवढंच. रेकॉर्डिंग करणाऱ्यांना तो त्याचसाठी लागतो. शिवाय साधा पीयू फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो; पलंगाच्या उशाशी तो नकोच. (भिंतीवर अंड्यांचे ट्रे लावण्याबद्दल न बोललेलं बरं.)

पट्ट्यांवरचा बोर्ड तर उलटा पडू शकतो. भिंत आणि बोर्ड यांच्यात सेंटिमीटरभर हवा कोंडली की ती स्प्रिंगसारखी वागते आणि सुमारे 200 हर्ट्झला बोर्ड थरथरतो. पुरुषी आवाजाचा भारदस्तपणा तिथेच असतो. वरचे सूर दबतात, बातम्या देणाऱ्याची घुमघुम मात्र वाढते. त्यात पट्ट्या भिंतीलाच ठोकलेल्या, म्हणजे कंपनाला सरळ वाट.

बोर्डच लावायचा तर चौकट भिंतीपासून सुटी हवी. भिंतीपासून 15 मिमी सोडून 50 मिमीचे जीआय स्टड, म्हणजे पत्र्याचे खांब, उभे करायचे, त्यांना धरणारे आडवे ट्रॅक फक्त जमिनीला आणि छताला, ट्रॅकखाली फोम टेप. स्टडमध्ये 50 मिमी, घनमीटरला 48 किलो घनतेचं रॉकवूल, वर 12.5 मिमी जिप्सम बोर्डचे दोन थर, सांधे एकमेकांवर न आणता. कडेला 5 मिमी फट ठेवून ती अ‍ॅक्रिलिक सीलंटने भरायची. पुट्टीला पुढे तडा जातो. आता तीच घुमघुम साधारण 60 हर्ट्झपर्यंत खाली जाते, बोलण्याच्या आवाजाच्या खाली. 10 बाय 9 फुटांच्या भिंतीला 6 बाय 4 चे, कापाकापी धरून, 9 बोर्ड लागतात. खोली साडेतीन इंचांनी आखडते. रविवारी उरकणारं काम हे नव्हे.

त्याआधी फटी पाहा. शेजारी बोलत असताना स्विचबोर्डांना, एसीच्या पाइपाच्या भोकाला आणि बीमखालच्या सांध्याला कान लावा. दोन्ही घरांचे बोर्ड पाठीला पाठ असतील तर आवाज तिथूनच येतो. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून स्विचबोर्ड सरकवून घ्या, जुनी खाच मसाल्याने बुजवा. बीमखालची पोकळी प्लास्टरमागे लपलेली असते. तिथे तडा दिसला तर खरवडून भरा. शेजाऱ्यांचा टीव्ही सामायिक भिंतीला टांगलेला असेल तर तो स्टँडवर ठेवायची विनंती करून बघा.

खुर्ची ओढल्याचा किंवा खलबत्त्याचा आवाज स्लॅबमधून येतो. त्यावर तुमच्या बाजूची कुठलीही भिंत पुरी पडत नाही. गालिचा त्यांच्याच घरात पडायला हवा.