दीडशे अक्षरांत ओळख कशी टाळावी

तर तुमची बदली झालीये रत्नागिरीला. सामान टेम्पोतून उतरलंय, मारुती मंदिराच्या मागे कुठेतरी वन आरके मिळालाय, ऑफिसात तीन माणसं नावाने ओळखतात आणि त्यातला एक शिपाई. संध्याकाळी सातनंतर बोलायला कोणी नाही. मग कोणीतरी सांगतं, अरे अ‍ॅपवर जा, इन्स्टा नीट कर, बायो टाक. टाका की. फक्त एक काळजी घ्या, बायो वाचून चुकून कुणाला तुमच्याशी बोलावंसं वाटलं नाही पाहिजे.

सुरुवात ‘न्यू इन टाउन’ने करा. याच्याइतकं सुरक्षित वाक्य नाही, कारण वाचणाऱ्याला यातून फक्त एवढंच कळतं की तुम्हाला काहीतरी हवंय, पण काय ते कळत नाही. रूम हवीये, मेस हवीये, गर्लफ्रेंड हवीये का गाडीचा मेकॅनिक हवाय? माणूस दोन सेकंद विचार करतो आणि पुढे सरकतो. त्याच्यापुढे ‘ट्रॅव्हल, फूड, म्युझिक’ लावा. अन्न न आवडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही त्यामुळे इथे वाद होत नाही. आणि शेवटी ‘आस्क मी एनीथिंग’. म्हणजे काम सगळं समोरच्याचं, प्रश्नही त्यानेच शोधायचा आणि संभाषणही त्यानेच सुरू करायचं, आपण फक्त उत्तर द्यायला उपलब्ध, सरकारी खिडकीसारखं.

इथे आल्यावर ‘सी लव्हर’ तर लिहाच लिहा. रत्नागिरीत हे म्हणजे पंढरपुरात ‘विठ्ठल आवडतो’ लिहिण्यासारखं आहे. ज्याच्या घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसतो तो हे वाचून काय करणार, अभिनंदन? आणि ‘फ्रेश फिश हंटिंग’ जूनमध्ये टाकलंत तर अजून छान, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, मिरकरवाड्यात होड्या ओढून झाकून ठेवलेल्या असतात आणि घराघरात सुकट चाललेली असते. पहिल्याच ओळीत कळतं, पाहुणा आहे, चारच दिवसांचा.

अंतराचं पण सेटिंग असतं, ते पन्नास किलोमीटर ठेवा. गोल काढला की अर्धा अरबी समुद्रात जातो, तिथे ट्रॉलर सोडून कोणी नाही. उरलेल्या अर्ध्यात खाड्या. अ‍ॅप अंतर सरळ रेषेत मोजतं, त्याला खाडी कळत नाही, त्यामुळे तवसाळचा माणूस तुम्हाला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर दिसेल, तुम्ही खूश होऊन ‘आज चहाला भेटूया?’ टाकाल, आणि मग कळेल की आधी जयगडपर्यंत जायचं, तिथून फेरीबोट पकडायची, आणि परतीची शेवटची फेरी चुकली तर चहा नाही, मुक्कामच. (त्याच्या आईला आवडतं असं, पण ते वेगळं.) दहा किलोमीटर ठेवलंत तर लोक कमी दिसतील पण भेटता येतील, त्यामुळे असलं करू नका.

आता भाषेबद्दल. बायो इंग्लिशमध्येच हवा, मराठीत लिहिलात तर इथली माणसं वाचतील. शिवाय मराठी जागा पण जास्त खाते असं वाटतं, कारण मोबाईल काना, वेलांटी, जोडाक्षरातला पाय मोडलेला सगळं वेगवेगळं मोजतो. इन्स्टाला मर्यादा १५०. ‘मित्र’ लिहायला पाच जातात, ‘एकटा’ चारात होतो. स्वस्त काय ते तुम्हीच बघा.

एकट्यावरून आठवलं, कंपनीचं नाव, शिफ्टची वेळ, ‘लिव्हिंग अलोन’ आणि खिडकीतून दिसणाऱ्या दीपगृहाचा फोटो, हे चारही एकत्र टाका. मित्र नाही आले तरी चोराला घर शोधायला त्रास नको.

आमच्या ऑफिसातल्या एकाने मात्र हे शेवटपर्यंत पाळलं नाही. परभणीचा पोरगा, जानेवारीत जॉइन झाला, पहिले तीन महिने वर सांगितलंय तसाच अगदी आदर्श बायो होता, ‘एक्सप्लोअरिंग कोकण, कॉफी अँड गुड व्हाइब्ज’ वगैरे. आलेले मेसेज मोजून दोन, एक आंबापेटीवाला आणि एक इन्शुरन्सवाला. एप्रिलमध्ये कंटाळून त्याने सगळं पुसलं आणि लिहिलं,

‘परभणीचा. जानेवारीपासून रत्नागिरीत. मासे खातो, पण निवडता येत नाहीत. रविवारी बाजारात कोणी सोबत येईल? बदल्यात आईच्या हातचा ठेचा.’

मी मोजलं, स्पेस धरून सव्वाशे. आता यात किती चुका आहेत बघा. पहिली, गाव सांगून टाकलं. कोकणात कोणीही भेटलं की नावाच्या आधी ‘गाव कुठचं तुमचं?’ येतं, त्याचं उत्तर आधीच दिल्यावर लोकांनी विचारायचं काय? (विचारतात. ‘परभणी म्हणजे नांदेडच्या अलीकडे का पलीकडे’ हे विचारतात, आणि गप्पा तिथूनच सुरू होतात.) दुसरी, आपल्याला काय येत नाही ते जगजाहीर केलं. ज्या गावात बारकं पोरसुद्धा बांगड्याचे कल्ले उघडून लाल आहेत का बघतं तिथे हे कबूल करायचं म्हणजे प्रत्येक जण शिकवायला धावणार. तिसरी चूक सगळ्यात वाईट. वार सांगितला, जागा सांगितली, म्हणजे समोरच्याला फक्त ‘येतो’ किंवा ‘नाही जमणार’ एवढंच म्हणायचं उरलं. रूमचा पत्ता मात्र दिला नाही, बोलावलं ते भर बाजारात, चार माणसांत. आणि डेटिंगचं का मैत्रीचं हा गोंधळही ठेवला नाही, बाजारात पिशवी घेऊन चला म्हणणाऱ्याचा हेतू काय असणार.

परिणाम भोगला त्याने. आठवड्यात पाच मेसेज. दोघांनी फक्त ठेचा मागितला आणि गायब झाले, हे होतंच. एकाने लिहिलं की रविवारी नको, गर्दी असते, भाव चढलेला असतो, बुधवारी ये. मग बुधवारी गेला, सुरमई म्हणून दुसरंच काहीतरी घेत होता ते त्या माणसाने हात धरून थांबवलं, डोळे बघ, बोटाने दाब, खळगा राहिला तर ठेव खाली. आता दर बुधवारी जातात. वर त्या माणसाची बहीण, भावोजी, भावोजींचा क्रिकेटचा ग्रुप असं ते वाढत गेलं, मे महिन्यात याला टेनिस बॉल मॅचला अंपायर म्हणून उभा केला, नियम माहीत नसताना.

घरमालकीण काकूंना हे सगळं बायोच्या आधीपासून माहीत होतं म्हणा. त्यांनी पहिल्याच आठवड्यात आळीत त्याचा बायो फिरवला होता, ‘परभणीचा आहे, बिचारा, एकटाच, मासे करपवतो.’ सव्वाशे अक्षरंही लागली नाहीत. त्याने एप्रिलमध्ये तेच लिहिलं आणि काकू अजून म्हणतात, माझं चोरलंन.